८ नंबरचा स्क्रू, ८ ची गिट्टी, तरी स्क्रू फिरतोय: बिट नेमकं कुठलं घ्यायचं?

रेवा_ठाणे

नमस्कार मंडळी. नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात डब्यांसाठी एक फळी लावायची आहे. फळी तीन फूट लांब आणि २५ सेंमी खोल. खाली दोन लोखंडी ब्रॅकेट, प्रत्येकाला वर एक आणि खाली एक अशी दोन भोकं, त्यांच्यात १५ सेंमी अंतर. हार्डवेअरच्या दुकानात ८ नंबरचे स्क्रू मागितले, तर त्यांनी सोबत ८ च्या पांढऱ्या गिट्ट्या आणि ८ चं बिट दिलं. सगळंच ८, म्हणजे जोडी जमली असं वाटलं. सोसायटीत कामं करणाऱ्या मुलाने चारही भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, पण स्क्रू आत जातो आणि नुसता फिरत राहतो. बोटांनी ओढला तर बाहेर येतो.

मुलगा म्हणतो भिंत खराब आहे, दुकानदार म्हणतो भोक मोठं पडलं. स्क्रूच्या खोक्यावर ३५ x ८ लिहिलंय. नेमकं काय बदलू: स्क्रू, गिट्टी की बिट? आणि हे ठरवायचं कसं, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात सांगता येईल?

वायरमन७१

ताई, गेजचा आकडा मोठा म्हणजे माल बारीक, हे लक्षात ठेवा. वायरला तसंच, पत्र्याला तसंच. २२ गेजची वायर १८ पेक्षा बारीक. तुम्हाला जाड स्क्रू हवा तर ६ नंबर मागा, ८ च्या गिट्टीत घट्ट बसेल.

खुंटीकाका

वायरमनदादा, वायर आणि पत्र्यापुरतं तुमचं बरोबर आहे, पण स्क्रूचा नंबर उलटा चालतो. स्क्रूचा नंबर वाढला की जाडी वाढते. ६ नंबर आणला तर ताईंचा स्क्रू आणखी सैल होईल.

रेवाताई, तुमच्या भिंतीचं नंतर बघू. आधी त्या दोन ८ चं बघा, कारण हे दोन ८ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. गिट्टी आणि बिटवरचा ८ म्हणजे ८ मिलीमीटर. स्क्रूवरचा ८ हा जुन्या ब्रिटिश मापातला नंबर आहे, तो मिलीमीटर नाही. ८ नंबरचा स्क्रू भरतो ४.२ मिमी. १० नंबर ४.८ आणि १२ नंबर साडेपाच. खाली आलात तर ६ नंबर साडेतीन. दोन नंबरांमागे साधारण पाऊण मिलीमीटरला थोडं कमी असा हिशेब धरला की झालं.

आता गिट्टीचं. चांगल्या कंपनीच्या नायलॉनच्या गिट्टीच्या पाकिटावर कुठल्या जाडीचा स्क्रू चालेल ते छापलेलं असतं. ६ ची गिट्टी साधारण ४ ते ५ मिमीचा स्क्रू घेते, ८ ची साडेचार ते ६, १० ची ६ ते ८. तुमचा ४.२ चा स्क्रू ८ च्या गिट्टीच्या सगळ्यात खालच्या मापातही येत नाही. तो आत गेला तरी गिट्टीचे पाय फाकत नाहीत. गिट्टी धरते ती पाय फाकून भिंतीवर दाबल्यामुळे. दाब नाही तर पकड नाही, मग भिंत कितीही चांगली असो.

८ नंबरच्या स्क्रूला ६ ची गिट्टी आणि ६ चं बिट. इथून सुरुवात करायला हवी होती.

लीड्सकर

एवढे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. इथे यूकेत सगळे रंगावर चालतात. ८ नंबरच्या स्क्रूला लाल प्लग, त्याला साडेपाच किंवा ६ चं बिट. जाड स्क्रूला तपकिरी प्लग, त्याला ७ चं बिट. बारीक असेल तर पिवळा. दुकानात लाल प्लग मागा, काम झालं.

खुंटीकाका

लीड्सकर, तुमच्याकडे ते चालतं, कारण तिथे बहुतेक उत्पादक तेच रंग पाळतात. आपल्याकडे गिट्टी पांढरी असो, करडी असो वा लाल, रंगावरून माप समजू नये. इथे मिलीमीटरच विचारावा. शिवाय ७ चं बिट इथल्या गल्लीतल्या दुकानात सहज मिळत नाही, ६, ८, १० आणि १२ हेच पडून असतात.

सुतारपक्षी

मी वेगळं सांगतो. ८ नंबरला मी कायम ३ मिमीचं बिट वापरतो. ६ चं भोक पाडलं तर स्क्रूला धरायला काहीच उरणार नाही, ४.२ चा स्क्रू सरळ पडेल. सागवान असेल तर ३, प्लायला अडीचही चालतं.

खुंटीकाका

ते लाकडासाठी, आणि लाकडासाठी अगदी बरोबर. तिथे स्क्रूचे आटे लाकडालाच कापून धरतात, म्हणून भोक स्क्रूच्या गाभ्याएवढं ठेवायचं. ताईंची विटांची किंवा ब्लॉकची भिंत आहे. तिथे स्क्रू भिंतीला शिवतच नाही, तो गिट्टीला धरतो आणि गिट्टी भिंतीला. म्हणून बिटचं माप स्क्रूवरून काढायचंच नाही. स्क्रूवरून गिट्टी ठरते, गिट्टीवरून बिट. गिट्टीवर ६ तर बिटवर ६.

रेवा_ठाणे

काका, आता उलगडलं. पण भोकं तर ८ ची पाडून झालीत! मग आता १२ नंबरचा स्क्रू आणू का? ब्रॅकेटचं भोक मोजलं, ५ मिमी आहे. ब्रॅकेटचा पत्रा ३ मिमी जाड.

खुंटीकाका

छान, हे माप दिलंत ते फार कामाचं आहे. १२ नंबर साडेपाचचा, ५ च्या भोकातून जाणार नाही. १० नंबर ४.८ चा, तो जाईल. ८ च्या गिट्टीत ४.८ म्हणजे मर्यादेत आहे, पण खालच्या टोकाला. पक्क्या लाल विटेत किंवा काँक्रीटमध्ये मी डोळे झाकून १० नंबर घातला असता. तुमची भिंत कशाची आहे ते आधी सांगा. भोक पाडताना भुकटी कुठल्या रंगाची आली होती? लाल आली तर वीट. करडी आणि मशीन पुढे सरकायला वेळ लागला तर काँक्रीट. पांढरट, हलकी, पिठासारखी आणि बिट लोण्यासारखं आत गेलं असेल तर सिपोरेक्सचा ब्लॉक.

रेवा_ठाणे

आधी थोडी करडी, मग पांढरट पिठासारखी. एका सेकंदात आत गेलं. हॅमर चालू होतं, आवाजावरून कळत होतं.

स्थापत्य_पूजा

मग ब्लॉकच आहे. मी साइटवर असते, नव्या इमारतींत आतल्या भिंती आम्ही बहुतेक ४ इंची ब्लॉकच्याच बांधतो, वर १२ मिमीच्या आसपास गिलावा. यात दोन गोष्टी बिघडल्या आहेत, आणि दोन्ही नंबराच्या घोळापेक्षा वेगळ्या आहेत.

पहिली म्हणजे हॅमर. ब्लॉकच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात. त्यावर ठोके मारले की बिट कापत नाही, ठेचतं. ८ चं भोक आत कुठे साडेआठ, कुठे नऊ होतं, आणि तोंडाला गिलावा फुटून फनेल तयार होतं. तसंही मेसनरी बिटचं कार्बाइडचं टोक लिहिलेल्या मापापेक्षा कणभर रुंदच असतं, नव्या ८ च्या बिटचं टोक सव्वाआठ ते साडेआठच्या मध्ये भरू शकतं. काँक्रीटमध्ये गिट्टी ते सांभाळून घेते. ब्लॉकमध्ये त्यावर हॅमरचा ठेचा चढला की गिट्टी पोरकी. म्हणून ब्लॉकमध्ये हॅमर बंद, नुसतं फिरवत भोक. मी तर गिट्टीपेक्षा अर्धा-एक मिलीमीटर लहान बिट घेते आणि गिट्टी हलक्या हाताने ठोकून बसवते.

दुसरी म्हणजे गिलावा. ४० मिमी लांबीची गिट्टी गिलाव्याच्या पृष्ठभागाशी बरोबर बसवली तर त्यातली १२ मिमी गिलाव्यातच गेली. तेवढी काहीच धरत नाही, उलट फाकताना गिलावा फोडते. ब्लॉकमध्ये उरली २८. गिट्टी पूर्ण ब्लॉकात जायला हवी.

म्हापशाचो

माझं जरा निराळं. आमचं गोव्यातलं जुनं घर चिऱ्याचं, बाहेरून गिलावा नाही. जांभा दगड वरून टणक दिसतो, पण आत कुठे भोक्या, कुठे मऊ माती. ६ च्या बिटने पाडलं तर एका जागी गिट्टी घट्ट, वीतभर सरकलो तर बोटाने आत जाते. पावसाळ्यात घट्ट बसलेलीही हलते. यात कुठली गिट्टी?

खुंटीकाका

चिऱ्यात मी फार काम केलेलं नाही, त्यामुळे ठामपणे सांगणार नाही. एवढं नक्की की तिथे हॅमर लावू नये, आणि लांब गिट्टी घ्यावी म्हणजे एखादी भोकी लागली तरी बाकीची लांबी कुठेतरी धरेल. कोकणातले जाणकार कुणी असतील तर लिहा.

रेवाताई, पूजाचं गिलाव्याबद्दलचं म्हणणं महत्त्वाचं आहे, म्हणून तुमचा हिशेब पुन्हा मांडतो. स्क्रूची लांबी अशी काढा: ब्रॅकेटचा पत्रा ३, गिलावा १२, गिट्टी ४०, आणि गिट्टीच्या टोकातून थोडा बाहेर यायला स्क्रूच्या जाडीएवढे म्हणजे ५. बेरीज ६०. तुमचा स्क्रू ३५ चा. त्यातले १५ पत्र्यात आणि गिलाव्यातच संपले, म्हणजे ब्लॉकात जेमतेम २० मिमी गेला. गिट्टीचे फाकणारे पाय आतल्या टोकाला असतात, तिथपर्यंत तो पोहोचतच नव्हता. नंबर बरोबर असता तरी एवढ्या आखूड स्क्रूने फळी धरली नसती.

रेवा_ठाणे

बाप रे. म्हणजे ६० x १०. खोक्यावर आधी लांबी आणि मग नंबर, असंच ना?

खुंटीकाका

हो, पण ते सगळीकडे तसं नसतं. चिपबोर्डच्या पिवळट स्क्रूंवर ४ x ४० असं लिहितात, तिथे पहिला आकडा मिलीमीटरमधली जाडी आणि दुसरा लांबी. छोटा आकडा मागे असेल तर तो बहुधा नंबर, पुढे असेल तर बहुधा मिलीमीटर. ८ x ८० दिसलं तर तो ८ नंबर नव्हे, ८ मिमीचा जाडजूड स्क्रू आहे, १० ची गिट्टी मागणारा. शंका आली तर दुकानात व्हर्नियर मागा, बहुतेकांकडे असतो. आटे नसलेला गुळगुळीत भाग असेल तर तिथे मोजा, पूर्ण आट्यांचा असेल तर आट्यांवरून बाहेरून बाहेर मोजा.

स्थापत्य_पूजा

काका, १० नंबरबद्दल मात्र मी सहमत नाही. ब्लॉकमध्ये, तेही हॅमरने ठेचलेल्या भोकात, ४.८ चा स्क्रू ८ च्या गिट्टीला पुरेसं फाकवणार नाही. मी ब्रॅकेटचं भोक लोखंडाच्या बिटने ६ चं करून १२ नंबर घालेन.

खुंटीकाका

तुझं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण ब्लॉकमध्ये जास्त फाकवणंही धोक्याचं. ब्लॉक ठिसूळ असतो, आत चुरा होतो आणि भोक आणखी मोठं होतं. काँक्रीटमध्ये जो दाब पकड देतो, तोच इथे भिंत फोडू शकतो. मला १० बरा वाटतो.

स्थापत्य_पूजा

चुरा होतो तो भोक काठोकाठ बरोबर असेल तेव्हा. इथे भोक आधीच मोठं आहे, म्हणून मोकळी जागा भरून काढायला जाड स्क्रू हवा. खरं तर या भिंतींसाठी वेगळ्या गिट्ट्या मिळतात, जाड पेचासारख्या पंखांच्या, त्या ब्लॉकात वळत जातात आणि फाकवण्यावर अवलंबून नसतात. पण त्यांची मापं आणि स्क्रू पाकिटावरचेच पाळायचे, आपला हा तक्ता तिथे चालत नाही. आणि आठच्या भोकात त्या बसतीलच असं नाही.

सुतारपक्षी

मग सोपं आहे ना, लाकडाची गुट्टी ठोका. आमचे वडील दाभणासारखी निमुळती गुट्टी करून भिंतीत ठोकायचे, अजून पडली नाही.

खुंटीकाका

जुन्या जाड विटांच्या भिंतीत ती टिकते. तुमच्या वडिलांची भिंत ४ इंची ब्लॉकची नव्हती. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत वाफ असतेच.

वायरमन७१

मी विचारतो, फळीवर किती वजन? डबे म्हणजे दहा किलो की चाळीस? कारण वरच्या आणि खालच्या स्क्रूवर सारखा भार नसतो.

खुंटीकाका

दादा, हे अगदी योग्य विचारलंत. वीस किलो धरू. फळी २५ सेंमी खोल, डबे पसरून ठेवले की भार भिंतीपासून साधारण साडेबारा सेंमीवर. तो ब्रॅकेटला पुढे खाली वाकवतो. खालच्या स्क्रूपाशी ब्रॅकेट भिंतीवर दाबला जातो आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. स्क्रूंत १५ सेंमी अंतर, म्हणजे २० गुणिले साडेबारा भागिले १५, साधारण १७ किलो. दोन ब्रॅकेटांत वाटले की प्रत्येक वरच्या स्क्रूवर आठ-साडेआठ किलोची ओढ. डबे पुढच्या कडेला सरकवले की हा आकडा दुपटीकडे जातो. खालच्या स्क्रूला बाहेर ओढ जवळजवळ नाही, त्याच्या वाट्याला फक्त खाली जाणारं वजन.

म्हणजे पूजाचं म्हणणं वरच्या दोन स्क्रूंना लागू करायला माझी हरकत नाही. वर १२ नंबर आणि खाली १०, असं करू शकता.

रेवा_ठाणे

हे मला झेपेल. जुन्या गिट्ट्या बाहेर काढायच्या कशा? आणि बिट किती आत घालायचं?

स्थापत्य_पूजा

जुना ३५ चा स्क्रू गिट्टीत दोन-तीन वळसे फिरवा आणि पक्कडीने स्क्रू धरून सरळ ओढा. सैल आहेत, सहज येतील. मग हॅमर बंद करून भोक खोल करा. खोली म्हणजे १२ गिलाव्याची, ४० गिट्टीची आणि वर दहा-बारा मिमी भुकटीसाठी, म्हणजे ६५ धरा. बिटवर ६५ ला चिकटपट्टी गुंडाळा, ती भिंतीला लागली की थांबा. दोन्ही बाजूचा गिलावा धरून भिंत १२० च्या पुढे आहे, पलीकडे निघणार नाही. भोकातली भुकटी फुंकून किंवा सायकलच्या पंपाने काढाच. ती राहिली तर गिट्टी शेवटपर्यंत जात नाही आणि आपल्याला वाटतं बिट लहान पडलं.

गिट्टी बोटाने अर्धी जावी आणि बाकीची हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. पूर्ण बोटानेच गेली तर भोक मोठं आहे, तिथे स्क्रू घालूच नका. पृष्ठभागाशी आली की एखाद्या जाड खिळ्याच्या डोक्याने आणखी १२ मिमी आत ढकला. स्क्रू हाताने आवळा, मशीनने नको. आधी सहज जाईल, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात जड व्हायला हवा. जड होता होता अचानक हलका झाला तर आत चुरा झाला, मग पुढे फिरवण्यात अर्थ नाही.

लीड्सकर

हे शेवटचं मी पण अनुभवलंय, इथल्या विटेच्या भिंतीत. हाताला कळतं बरोबर. रंगाबद्दल मान्य, भारतात चालणार नाही.

रेवा_ठाणे

अपडेट. दुकानात या वेळी "६५ x १२ चे दोन, ६० x १० चे दोन" असं सांगितलं आणि व्हर्नियरने मोजून घेतले. १२ चा साडेपाचच भरला. ब्रॅकेटची वरची भोकं दुकानदाराने लोखंडाच्या बिटने ६ ची करून दिली.

खालचे दोन्ही १० नंबर व्यवस्थित जड झाले. उजवीकडचा वरचा १२ नंबर चांगलाच घट्ट. डावीकडच्या वरच्या भोकात मात्र गिट्टी बोटानेच पूर्ण आत गेली, म्हणून थांबले. त्या जागी १० ची गिट्टी घालू का?

खुंटीकाका

१० ची गिट्टी ६ ते ८ मिमीचा स्क्रू मागेल, म्हणजे किमान १४ नंबर, तो सव्वासहाच्या आसपास. ब्रॅकेटचं भोक पुन्हा वाढवावं लागेल आणि पत्र्याच्या कडेला फार थोडं लोखंड उरेल. तसं करू नका. दोन्ही ब्रॅकेट पाच-सहा सेंमी वर सरकवा आणि ६५ खोल नवी भोकं पाडा, नुसती फिरवत. जुनी पुट्टीने बुजवा. जुन्या भोकाला खेटून नवं घेऊ नका, मधला ब्लॉक फुटतो.

स्थापत्य_पूजा

चार भोकं पुन्हा पाडण्यापेक्षा त्या एका भोकात दोन भागांचं इपॉक्सी भरून त्यात गिट्टी बसवली तर? भुकटी पूर्ण काढून, पाकिटावरच्या वेळेपेक्षा थोडं जास्तच सुकू द्यायचं आणि मग स्क्रू. मी असं केलेलं टिकलंय.

खुंटीकाका

टिकतं, भोक स्वच्छ असेल तर. ब्लॉकच्या ठेचलेल्या भिंतीवर भुकटीचा थर राहतोच आणि इपॉक्सी त्या भुकटीला चिकटतं, ब्लॉकला नाही. डब्यांच्या फळीच्या वरच्या स्क्रूसाठी मी तो भरवसा ठेवणार नाही.

रेवा_ठाणे

वर सरकवते. फळी थोडी उंच झाली तरी माझा हात पोहोचतो, आणि या वेळी ड्रिल मशीन मीच धरणार आहे. ७ चं बिट भिवंडीत मिळालं, गिट्टी ८ चीच. पूजा, ७ च्या भोकात गिट्टी पूर्ण ठोकली जाईल ना, की आधी अर्ध्या मिलीमीटरचाच फरक ठेवू?

स्थापत्य_पूजा

ब्लॉकमध्ये ७ चालेल. फक्त गिलाव्याच्या १२ मिमीपुरतं ८ च्या बिटने तोंड मोकळं करा, नाहीतर गिट्टी तिथेच अडून कॉलर दुमडेल.

म्हापशाचो

चिऱ्याचं कुणी सांगितलं नाही अजून. पूजा, हा ७ चा उपाय चिऱ्यात करून बघू का?

स्थापत्य_पूजा

दिसणार नाही अशा जागी एक भोक पाडून बघा आणि भुकटीत खडे येतात की माती ते इथे लिहा. माती आली तर लहान बिटने काही साधेल असं मला वाटत नाही.